चौदा रात्रींची झोपेची डायरी: लिहायची कशी आणि त्यातून वाचायचं काय

"झोप नीट होत नाही" असं पाच जण म्हणतात तेव्हा ते पाच वेगळ्या गोष्टी सांगत असतात. एकाला अंथरुणात पडल्यावर दीड तास झोपच लागत नाही, दुसऱ्याला लगेच लागते पण तीनला जाग आली की मग नुसतं कूस बदलत राहायचं, तिसरा साडेचारलाच उठून बसतो, चौथा आठ तास सलग झोपतो तरी सकाळी अंग जड, आणि पाचव्याला खरं तर झोपायला वेळच मिळत नाहीये, साडेबारा ते साडेपाच एवढीच रात्र त्याच्या वाट्याला येते. ह्या पाचही जणांना उपाय वेगळा लागतो, पण सल्ला सगळ्यांना एकच मिळतो, मोबाईल बाजूला ठेव आणि गरम दूध पी. म्हणून आधी आपली रात्र नक्की कुठे बिघडतेय ते शोधायचं, आणि ते शोधायला दोन आठवड्यांची डायरी पुरते. मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते, झोपेची तक्रार घेऊन कोणी आलं की बाकी काही सांगायच्या आधी मी हीच भरायला देते.

आठवणीवर का नाही जायचं? कारण आपल्याला सगळ्यात वाईट रात्र आठवते आणि कालची आठवते, मधल्या बऱ्या गेलेल्या रात्री आठवतच नाहीत. "महिनाभर झोपलेच नाहीये" म्हणणाऱ्या माणसाच्या डायरीत चौदापैकी पाच-सहा रात्री चक्क चांगल्या निघतात आणि उत्तर बऱ्याचदा त्या चांगल्या रात्रींमध्येच असतं. ह्याचं उदाहरण पुढे देते.

आता लिहायचं काय. पूर्वी प्रत्येक दवाखान्याची डायरी वेगळी असायची, २०१२ मध्ये झोपेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी मिळून एक ठरावीक प्रश्नांची डायरी तयार केली आणि आता साधारण तीच बऱ्याच ठिकाणी वापरतात. सकाळी उठल्यावर लिहायच्या गोष्टी मोजक्या आहेत: अंथरुणात किती वाजता गेलात, झोपायचा प्रयत्न किती वाजता सुरू केला, त्यानंतर झोप लागायला अंदाजे किती मिनिटं गेली, मध्ये किती वेळा जाग आली आणि ती सगळी मिळून किती वेळ जागे होतात, शेवटची जाग किती वाजता आली, अंथरूण किती वाजता सोडलं, आणि झोप कशी वाटली ह्याला पाचपैकी मार्क. बस. संध्याकाळी किंवा झोपायच्या आधी अजून एक ओळ, दिवसा कुठे झोपलात का आणि किती वेळ, शेवटचा चहा-कॉफी किती वाजता, दारू घेतली का, कुठली गोळी घेतली, व्यायाम कधी केला, आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. घरात लग्न, मुलाला ताप, रात्रभर लाईट नाही, असं काहीही.

ह्यात अंथरुणात जाण्याची वेळ आणि झोपायचा प्रयत्न सुरू केल्याची वेळ ह्या दोन वेगळ्या ठेवल्यात त्याला कारण आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत बेडरूम म्हणजेच बसायची, फोनवर बोलायची, मालिका बघायची जागा, त्यामुळे माणूस दहालाच गादीवर असतो पण लाईट बंद करतो अकराला. हा एक तास "झोप लागली नाही" ह्यात धरला तर हिशोब चुकतो.

आणि रात्री घड्याळ बघायचं नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते कारण डायरी सुरू केली की लोक उलट जास्त घड्याळ बघायला लागतात, "२:१७ ला जाग, २:४४ ला परत झोप" असं लिहून आणतात, आणि त्या बघण्यानेच जाग वाढते. सकाळी उठल्यावर तासाभरात अंदाजाने लिहा, वीस मिनिटं वाटली तर वीस लिहा, तेवढं पुरतं. प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजून बघितलं तर झोप न लागणारी माणसं आपला जागरणाचा वेळ बऱ्याचदा जास्त सांगतात असं दिसतं, पण ते चालतं, कारण आपल्याला रात्रींची एकमेकींशी तुलना करायची आहे आणि सगळे अंदाज एकाच माणसाचे आहेत. स्मार्टवॉच असेल तर त्याचे आकडे ह्या कागदावर उतरवू नका, वाटलं तर वेगळे ठेवा. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं आणि माणूस शांत पडून जागा असला तर त्यालाही ते झोपच समजू शकतं, म्हणजे नेमकी आपली तक्रार तिथे दिसणारच नाही.

दोन बारीक गोष्टी, पण ह्यांनीच डायरी बिघडते. एक, तारखेचा गोंधळ, म्हणून तारीख लिहिण्याऐवजी "मंगळ रात्र ते बुध सकाळ" असंच लिहा. दोन, तीन-चार दिवसांचं एकदम बसून भरू नका, राहिला एखादा दिवस तर तो कोरा सोडा, आठवून भरलेल्या ओळीपेक्षा कोरी ओळ बरी. आणि ह्या दोन आठवड्यांत काही सुधारायला जाऊ नका. चहा जेवढा पिता तेवढाच प्या, जेव्हा झोपता तेव्हाच झोपा. आपल्याला आपली नेहमीची रात्र बघायची आहे. दोन आठवडे ह्यासाठी की त्यात दोन शनिवार-रविवार येतात, एकाच आठवड्यात एखादं हळदीचं जागरण आलं तर सगळं चित्र त्याच्यावरच जातं.

आता खरी डायरी कशी वाचतात ते बघू. माझी मावसबहीण, कासारवडवलीला राहते, नोकरी ऐरोलीला, तिला विचारूनच लिहितेय. सकाळी सहाला उठते कारण मुलीची स्कूल व्हॅन पावणेसातला येते आणि डबा करायचा असतो. सोमवार, मंगळवार, गुरुवार ऑफिस, बुधवार आणि शुक्रवार घरून काम. संध्याकाळी ऐरोलीहून ट्रेनने ठाणे स्टेशन, मग स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून टीएमटीची बस आणि मग घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. तिची तक्रार, "रात्री झोपच लागत नाही, तासतासभर नुसती पडलेली असते." तिचा स्वतःचा संशय साडेचारच्या चहावर होता आणि तिच्या सासूबाईंचा मोबाईलवर.

पहिला मोह सरासरी काढायचा होतो. तिच्या चौदा रात्रींची सरासरी झोप निघाली साधारण साडेसहा तास, आणि झोप लागायला सरासरी चाळीसेक मिनिटं. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी असं झोपतज्ज्ञ सांगतात, म्हणजे थोडी कमी आहे, पण अगदी "झोपच नाही" असंही नाही. हे बघून कोणीही म्हणेल की बरंच बरं चाललंय की. सरासरीत हाच धोका आहे, शनिवारची आठ तासांची झोप आणि रविवार रात्रीची सव्वापाच तासांची झोप एकत्र करून जो आकडा येतो तशी रात्र तिच्या आयुष्यात येतच नाही.

म्हणून रात्री आधी वेगळ्या करायच्या. आम्ही चौदा ओळी कापून जमिनीवर पसरल्या, हो खरंच कात्रीने कापल्या, आणि झोप लागायला लागलेल्या मिनिटांप्रमाणे लावल्या. सगळ्यात वर आल्या दोन रविवार रात्री, एकीत १०५ मिनिटं आणि दुसरीत ९०. त्याखाली ऑफिसच्या दिवसांच्या चार रात्री, ७५, ६०, ५५, ५०. त्यानंतर एकदम मोठी उडी, मग ३०, २५, २०, १५ अशा चार रात्री, आणि शेवटी शुक्रवार-शनिवारच्या चार रात्री जिथे ती साडेबारा-पाऊणला पडते आणि पंधरा मिनिटांत झोपते.

तर पन्नास आणि तीसच्या मध्ये काय बदललं? त्या ३० ते १५ वाल्या चारपैकी दोन रात्री बुधवारच्या होत्या. घरून कामाचा दिवस. सकाळी तेव्हाही सहालाच उठलेली, चहा तेव्हाही साडेचारलाच, आणि मोबाईल तर बुधवारी उलट जास्तच. म्हणजे चहा सगळ्याच रात्री सारखा आणि मोबाईल उलट चांगल्या रात्री जास्त असताना ते हा फरक करू शकत नाहीत, निदान मुख्य कारण ते नाहीत. मग प्रवास? का जेवण? कारण घरून काम असेल तेव्हा जेवण साडेआठला होतं आणि ऑफिसच्या दिवशी साडेनऊला. इथे बरेच लोक घाई करतात, पहिला दिसलेला फरक पकडतात आणि "लवकर जेवायला हवं" असं ठरवून मोकळे होतात.

पण राहिलेल्या दोन रात्री होत्या ना, ३० आणि २५ वाल्या. त्या चक्क ऑफिसच्या दिवसाच्या होत्या, एक सोमवार आणि एक गुरुवार, जेवण दोन्ही दिवशी उशिराच झालेलं. मग मी तिला विचारलं ह्या दोन दिवशी काय वेगळं झालं, तर तिने शेरा वाचला, "बसमध्ये जागा मिळाली नाही, घरापर्यंत उभी." म्हटलं, "ताई, मग जागा मिळते तेव्हा काय करतेस?" तर म्हणाली, "काय करणार गं, माजिवड्याच्या पुढे बस हलत नाही, डोळा लागतो जरा." किती वेळ? चाळीस मिनिटं सहज, कधी पाऊण तास. हे तिने डायरीत दिवसाच्या झोपेच्या रकान्यात लिहिलंच नव्हतं, कारण तिच्या दृष्टीने ती झोप नव्हतीच. मग परत बसून ऑफिसच्या बाकीच्या चार वाईट रात्रींचं आठवायला सांगितलं, चारही दिवशी बसायला जागा मिळाली होती.

संध्याकाळी साडेसातची चाळीस मिनिटं रात्री अकराला का नडतात हे समजायला झोपेची यंत्रणा थोडी माहीत हवी. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली ह्यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना अजूनही ह्या विषयाचा पाया आहे. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे झोपेचा दाब, आपण जितके तास जागे तितका तो वाढत जातो, मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो हे त्यामागचं एक मोठं कारण, आणि झोपलो की तो दाब उतरतो. दुसरं म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ, जे दाब कितीही असो, ठरावीक वेळी जागं ठेवतं आणि ठरावीक वेळी झोपेला वाट देतं. संध्याकाळची डुलकी ह्यातल्या दाबावर घाव घालते. साताला दोन वडापाव खाल्ले की नऊच्या ताटावर भूक कुठून येणार, तसंच हे. बुधवारी ती सकाळी सहा ते रात्री अकरा, सलग सतरा तास जागी असते, दाब भरपूर, वीस मिनिटांत झोप. मंगळवारी तेच सतरा तास पण आठच्या आधी त्यातला बराचसा दाब बसमध्ये उतरून गेलेला, आणि त्यानंतर झोपेपर्यंत जेमतेम तीन तास. सकाळच्या बसमध्ये हीच चाळीस मिनिटं झोपली असती तर रात्रीला फारसा फरक पडला नसता, कारण मग दाब परत साठायला अख्खा दिवस असतो.

चहाबद्दल एक राहिलं. कॅफिन ॲडेनोसिनला मेंदूत त्याच्या जागी बसू देत नाही, म्हणून तरतरी येते, आणि शरीरातलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. म्हणजे साडेचारच्या चहातलं काही ना काही तिच्या अंगात झोपताना असतंच. पण ते रोजच असतं. डायरी एवढंच सांगते की चांगल्या आणि वाईट रात्रींमधला फरक चहाने पडत नाहीये, चहा सोडला तर सगळ्याच रात्री थोड्या सुधारतील का हे ह्या चौदा ओळी सांगू शकत नाहीत, कारण चहा न घेतलेला एकही दिवस त्यात नाही. जे बदललंच नाही त्याच्याबद्दल डायरी मुकी असते. हे लक्षात ठेवलं तर डायरी वाचताना निम्म्या चुका टळतात.

आता त्या रविवार रात्री. इथे दुसरी गोष्ट, आतलं घड्याळ, कामाला येतं, आणि ते बघायला झोपेचा मध्य काढायचा. झोप लागल्याची वेळ आणि उठल्याची वेळ ह्यांच्या बरोबर मधली वेळ. आठवड्यातल्या एका साध्या रात्री ती बाराला झोपली आणि सहाला उठली, मध्य आला तीन वाजता. शनिवारी रात्री एकला झोपली आणि रविवारी नऊला उठली, मध्य पाच वाजता. दोन तासांचा फरक. म्हणजे शुक्रवार-शनिवार तिचं शरीर दोन तास पश्चिमेकडच्या कुठल्यातरी देशात राहून येतं आणि रविवारी रात्री त्याला परत ठाण्याच्या वेळेवर झोपायला सांगितलं जातं. जर्मनीतले टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ह्याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. त्यात भर म्हणजे रविवारी ती नऊला उठलेली, दुपारी जेवून तासभर झोपलेली, आणि "उद्या ऑफिस आहे, लवकर पडते" म्हणून पावणेअकरालाच लाईट बंद. सकाळपासून पावणेचौदा तास, त्यातून दुपारचा एक तास गेला. बुधवारच्या सतरा तासांसमोर हे काहीच नाही. घड्याळ पण तयार नाही आणि दाबही नाही, मग दीड तास पडून राहण्याशिवाय काय होणार. ती ह्याला सोमवारचं टेन्शन समजत होती. टेन्शन असेलही, पण टेन्शन नसतं तरी ही रात्र अशीच गेली असती.

एक आकडा अजून काढतात, अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी किती टक्के वेळ खरी झोप झाली, ह्याला स्लीप एफिशियन्सी म्हणतात आणि डॉक्टर हा आकडा बघतातच. तिची मंगळवार रात्र घ्या. साडेदहाला अंथरुणात, अकराला लाईट बंद, बाराला झोप, मध्ये एकदा पंधरा मिनिटं जाग, सहाला उठली, सव्वासहाला अंथरुणाबाहेर. अंथरुणात एकूण ४६५ मिनिटं, झोप बारा ते सहा म्हणजे ३६० वजा १५, ३४५ मिनिटं. ३४५ भागिले ४६५, साधारण ७४ टक्के. बुधवार रात्री त्याच ४६५ मिनिटांत झोप ३९० मिनिटं, म्हणजे ८४ टक्के. सहसा ८५ च्या पुढे असेल तर ठीक मानतात. पण १०० च्या मागे लागू नका, कारण पडल्या पडल्या झोप आणि ९७-९८ टक्के असं रोज येत असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर त्याचा अर्थ बहुतेकदा झोपायला वेळच कमी मिळतोय असा होतो. हिशोब करताना मध्यरात्र ओलांडली की गोंधळ होतो, त्यावर सोपं म्हणजे रात्री बाराला २४ म्हणायचं, एकला २५, सकाळी सहाला ३०, मग सरळ वजाबाकी.

७४ टक्के बघून ताईची पहिली प्रतिक्रिया होती की मग मी अजून लवकर पडते, दहालाच, म्हणजे वेळ जास्त मिळेल. जवळपास प्रत्येक जण हेच म्हणतो आणि त्याने उलट होतं. झोप तेवढीच राहते, पडून राहायचा वेळ वाढतो, टक्का अजून खाली येतो, आणि मेंदूला हळूहळू सवय लागते की गादी ही जागं राहायची जागा आहे. डायरीत टक्का कमी दिसला तर अंथरुणातला वेळ वाढवायचा नसतो.

मग आम्ही तिसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट बदलली, बसमधली झोप. एकच, कारण दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाला आला ते कळत नाही. ती खिडकीऐवजी कडेची सीट घ्यायला लागली, माजिवड्यापासून पुढे आईला फोन करायचा असं ठरवलं, आणि अगदीच डोळे मिटायला लागले तर उभं राहायचं. पहिले काही दिवस वाईट गेले, रात्री आठला स्वयंपाक करताना पेंग यायची, चिडचिड व्हायची, हे होतंच आणि हे माहीत असलेलं बरं. पण ऑफिसच्या दिवसांच्या रात्री झोप लागायचा वेळ अर्ध्या तासाच्या आत आला. त्यानंतरच्या आठवड्यात रविवार हातात घेतला, उठायची वेळ नऊवरून साडेसात, दुपारची झोप वीस मिनिटं आणि तीही तीनच्या आत, आणि रात्री झोप येईपर्यंत लाईट बंद करायचे नाहीत मग अकरा वाजले तरी चालतील. शनिवारी रात्री उशिरा झोपणं तिने सोडलं नाही, मैत्रिणींबरोबर बाहेर जायची तेवढीच एक रात्र असते आणि मला पण ते सोडायला सांगावंसं वाटलं नाही. उठायची वेळ सांभाळली तर बरंच काम होतं. रविवारची रात्र अजूनही आठवड्यातली सगळ्यात हलकी रात्र आहे, पण दीड तासाचं पडून राहणं गेलं. मध्ये एकदा येणारी जाग मात्र तशीच आहे, पण झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि त्यांच्या मध्ये थोडी जाग येणं हे निरोगी माणसालाही होतं, त्यामुळे त्याच्या मागे आम्ही लागलो नाही.

शिफ्टवाल्यांसाठी एवढंच की "रात्र" हा शब्द विसरा आणि मुख्य झोप असं धरून लिहा, मग ती दुपारी बाराला का असेना, आणि प्रत्येक ओळीसमोर शिफ्ट कुठली होती ते लिहा. फर्स्ट शिफ्टच्या झोपांची तुलना फर्स्टशीच करायची.

आता एक असा नमुना सांगते जो दिसला तर घरी बसून कोडं सोडवत बसू नका. डायरीत सगळं छान, पडल्यावर दहा मिनिटांत झोप, साडेसात तास झोप, टक्का नव्वदच्या पुढे, आणि शेवटच्या रकान्यात मार्क मात्र रोज पाचपैकी दोन, सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, आणि दुपारी मीटिंगमध्ये नाहीतर सिग्नलला गाडीत पेंग. अशा वेळी घरच्यांना विचारा घोरणं किती आहे, मध्येच श्वास थांबून मग एकदम घुसमटल्यासारखं होतं का. हे स्लीप ॲप्निया असू शकतं, झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा बंद होते आणि मेंदू दरवेळी क्षणभर जागा होतो, पण ती जाग इतकी छोटी असते की माणसाला आठवत नाही, म्हणून डायरीत उतरतच नाही. ह्याला स्लीप स्टडी नावाची झोपेतली तपासणी करावी लागते, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन डायरी दाखवा, दुपारच्या पेंगेची आणि सकाळच्या मार्कांची नोंद त्यांना उपयोगी पडते. बायकांमध्ये हे नसतंच असा एक समज आहे, तो चुकीचा आहे, पाळी गेल्यानंतर तर शक्यता वाढते.

तसंच संध्याकाळी-रात्री पडलं की पायात काहीतरी वळवळतंय, पाय हलवल्याशिवाय चैन नाही, असं वरचेवर लिहिलेलं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा, लोह कमी असण्याशी त्याचा संबंध असू शकतो. आणि रोज पहाटे तीन-चारला जाग, परत झोप नाही, आणि दिवसभर मन कशातच लागत नाही, हे दोन आठवडे सलग दिसत असेल तर झोपेचा प्रश्न म्हणून न बघता मनाच्या डॉक्टरांना भेटा.

झोप लागायला किंवा मधल्या जागरणात अर्धा तास आणि वर जातोय, असं आठवड्यातून तीन रात्री तरी, तीन महिने चाललंय आणि दिवसाच्या कामावर परिणाम होतोय, तर वैद्यकीय भाषेत तो दीर्घकालीन निद्रानाश. त्याला पहिला उपचार गोळी नाही, झोपेसाठीची सीबीटी नावाची थेरपी आहे, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची, आणि ती ह्याच डायरीवर चालते. त्यात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याचा एक भाग असतो, इंटरनेटवर वाचून लोक तो स्वतःच करायला जातात. फिट येण्याचा त्रास असेल, बायपोलर आजार असेल किंवा रोज गाडी चालवायचं काम असेल तर हे स्वतःहून अजिबात करू नका, कारण सुरुवातीला झोप अजून कमी होते. झोपेची गोळी चालू असेल तर ती डायरीत लिहा, डायरी बघून एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

डायरी किती दिवस ठेवायची? दोन आठवडे वाचण्यासाठी, मग बदल केल्यावर अजून दोन-तीन आठवडे, आणि मग थांबवायची. काही जणांना रोज सकाळी मार्क द्यायची इतकी सवय लागते की कमी मार्क दिले म्हणून दिवस वाईट जातो, आणि रात्री पडल्यावर उद्या काय लिहायचं ह्याचाच विचार. तुमचं असं होतंय असं वाटलं तर चौदा रात्री पूर्ण झाल्या नसतील तरी तिथेच थांबा, जेवढ्या ओळी झाल्यात तेवढ्या घेऊन डॉक्टरांकडे जा, दहा रात्रींवरूनही बरंच वाचता येतं.